गल्लीच्या तोंडाशी या!

प्रश्न : आम्ही पुण्यात कसबा पेठेत राहतो. जुन्या वाड्याचा मागचा भाग आहे, आणि तिथे यायला बोळ असा की समोरून स्कूटर आली तर माणसाने ओट्यावर चढायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या आजींना रात्री एकदम धाप लागली. अॅम्ब्युलन्स लगेच निघाली, ड्रायव्हरला आम्ही व्हॉट्सअॅपवर लोकेशनही पाठवलं. तरी गाडी मागच्या आळीत जाऊन अडकली. सायरन ऐकू येत होता, पण गाडी काही सापडेना. आजी आता बऱ्या आहेत. पण लोकेशन पाठवूनही गाडी चुकते कशी? आणि अशा वेळी फोनवर नेमकं काय सांगायचं असतं?
— एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘मागच्या आळीत’ हे फार कामाचं आहे. गाडी भलतीकडे गेली नव्हती. नकाशाने तिला जिथे न्यायचं तिथेच नेलं होतं.

मोबाइलला आपली जागा कळते ती उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून. उघड्या मैदानात उभं राहिलं तर ती साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. वाड्यात मात्र वर आकाशाची पट्टी दिसते तेवढीच. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून संदेश उशिरा पोचतात आणि फोनचा हिशेब चुकतो. तळमजल्यावरच्या जाड भिंतींच्या खोलीत तर उपग्रह दिसतच नाहीत; मग फोन आसपासचे वायफाय आणि टॉवर यांवरून अंदाज बांधतो. नकाशावर आपला निळा ठिपका दिसतो, त्याच्याभोवती कधीकधी फिकट निळं वर्तुळ असतं. तुम्ही त्या वर्तुळात कुठेही असू शकता, एवढाच त्याचा अर्थ. पेठेत वर्तुळ तीस-चाळीस मीटरचं झालं तर त्यात दोन आळ्या, तीन वाडे आणि एखादी तालीम सहज मावते.

पण समजा, ठिपका अगदी आजींच्या उशाशी पडला. तरीही घोटाळा उरतोच. चारचाकीला रस्ता दाखवताना नकाशा बघतो की या ठिपक्याला सगळ्यात जवळचा, गाडी जाईल असा रस्ता कोणता. जवळचा म्हणजे सरळ रेषेत जवळचा. त्या रस्त्यावरून तुमच्याकडे यायला दार आहे की वीस फुटी भिंत, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या वाड्याची मागची भिंत मागच्या आळीला लागून आहे, आणि बोळाचं तोंड पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर. नकाशाने आळी निवडली. ड्रायव्हरला तुमच्या घरातला दिवासुद्धा दिसला असेल, फक्त मध्ये भिंत होती. भर म्हणून, ड्रायव्हरच्या फोनवर नकाशा टू-व्हीलरच्या मोडवर राहिला असेल तर तो गाडीला बिनदिक्कत स्कूटरच्या बोळात घालतो.

म्हणून माझं सांगणं असं की अॅम्ब्युलन्सला घराचा पत्ता द्यायचाच नाही. म्हणजे नियंत्रण कक्षाला नोंदीसाठी द्या, पण गाडीला बोलवायचं ते जिथे ती उभी राहील त्या जागी. पेठेतल्या, चाळीतल्या किंवा वस्तीतल्या घराला दोन पत्ते असतात. एक पोस्टमनचा आणि एक मोठ्या गाडीचा. दुसरा कुठेच लिहिलेला नसतो, आणि नेमका तोच रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाने ठरवावा अशी आपण अपेक्षा करतो.

हा गाडीचा पत्ता आजच ठरवून टाका. आपल्याकडे 108 ची मोठी गाडी आरसे धरून सात फुटांच्या आसपास रुंद असते. उंचीही माणसापेक्षा बरीच जास्त, म्हणजे खाली आलेल्या केबल, दुकानाचे पत्रे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांचाही विचार करावा लागतो. बोळाची रुंदी मोजायची ती सर्वांत अरुंद ठिकाणी, आणि रात्री लावलेल्या दुचाकी धरून. याहून सोपी परीक्षा म्हणजे गॅस सिलिंडरचा टेम्पो तुमच्याकडे येतो तेव्हा कुठे थांबतो ते पाहा. त्या चालकाने रोजच्या अनुभवाने जी जागा धरली आहे, साधारण तीच अॅम्ब्युलन्सची. घंटागाडी यासाठी धरू नका, कारण पेठांत फिरणाऱ्या घंटागाड्या छोट्या असतात आणि त्या आत शिरतात.

त्या जागी आणखी एक गोष्ट लागते. स्ट्रेचर मागच्या दारातून बाहेर ओढतात. ते सहा फुटांचं, शिवाय धरणारी माणसं. म्हणजे गाडीच्या मागे दहाएक फूट मोकळे हवेत. मागे कुणाची मोटार लावलेली असेल तर गाडी पोचूनही दार उघडून उपयोग नाही. गल्लीच्या तोंडाशी कुणाकुणाच्या गाड्या रात्री असतात आणि त्यांचे फोन नंबर कोणते, हे मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्याकडे असतंच. ते आपल्या फोनमध्येही असावेत.

“पण आणखी पन्नास मीटर आत आली असती तर?” असं घरच्यांना हमखास वाटतं. आत येणं सोपं असतं हो, पण बाहेर पडताना गाडी रिव्हर्स घ्यावी लागते. मागून दोन रिक्षा येऊन थांबलेल्या असतात, एका बाजूला उघडं गटार असतं आणि दहा माणसं दहा सूचना देत असतात. रुग्ण गाडीत घेतल्यावर तिथे जाणारी मिनिटं, स्ट्रेचर शंभर-दीडशे मीटर चालवत नेण्यापेक्षा बहुतेकदा जास्तच भरतात. आत यायचं की नाही, हे ड्रायव्हरला ठरवू द्या. 108 च्या भाषेत त्याला ‘पायलट’ म्हणतात, आणि त्याला आपल्या गाडीची लांबीरुंदी आपल्यापेक्षा चांगली कळते.

जागा ठरली की तिथे जाऊन रस्त्यावर उघड्यावर उभे राहा आणि तिथून लोकेशन घ्या. व्हॉट्सअॅपमध्ये लोकेशनवर गेलात की Send your current location असं येतं आणि त्याच्या खाली किती मीटरपर्यंत बरोबर आहे तो आकडाही येतो. आकडा मोठा असेल तर थोडं थांबा, तो उतरतो. त्याच्याखाली जवळपासच्या दुकानांची, देवळांची यादी असते. घाईत अनेकांचं बोट तिच्यावर पडतं आणि आपल्या जागेऐवजी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याची जागा जाते. घेतलेलं लोकेशन घरच्या ग्रुपवर पाठवून त्यावर तारा लावून ठेवा. वेळ आली की तेच पुढे पाठवायचं. रुग्णाच्या खोलीतून नव्याने पाठवायचं नाही. गणेशोत्सवात मंडप पडला की ही जागा बदलते आणि नकाशाला मंडपाचा पत्ताच नसतो. मंडपाचा पहिला वासा उभा राहील त्या दिवशी दुसरं तोंड ठरवून ठेवा.

आता फोनवर काय सांगायचं ते. इथे दोन वेगवेगळे फोन असतात आणि लोक ते एकच समजून बोलतात.

पहिला फोन नियंत्रण कक्षाचा. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे, आणि राज्यभरासाठी तिचा नियंत्रण कक्ष एकच, पुण्यात. म्हणजे फोन उचलणाऱ्याला आधी कळायला हवं की तुम्ही पुण्यातून बोलताय की परभणीतून. ‘जिल्हा कोणता, तालुका कोणता’ विचारलं की पेठेतला माणूस चिडतो. “अहो, कसब्यातून बोलतोय!” पण कसबा नावाची वस्ती कोल्हापूर जिल्ह्यात सापडते, रत्नागिरीत सापडते, आणि शिवाजी चौक नाही असं गाव शोधावं लागेल. तेव्हा क्रमाने सांगा. जिल्हा, शहर, पेठ, मोठा चौक, मग रुग्णाला काय होतंय. “पुणे शहर, कसबा पेठ, फडके हौद चौकाजवळ. वय बहात्तर, बाई आहेत, अर्ध्या तासापासून श्वास लागतोय, शुद्धीवर आहेत, बोलताना वाक्य पुरं होत नाही.” एवढ्यात गाडी ठरते. बोळ, जिना, कोपऱ्यावरच्या खुणा हे त्यांना सांगून काही साधत नाही. ते दुसऱ्या फोनचं काम.

नंबर मात्र विचारपूर्वक द्या. वाड्याच्या आत रेंज नसते हे तुम्हाला माहीत आहे, मग आतल्या फोनचा नंबर कशाला? ज्याला कोपऱ्यावर पाठवणार त्याचा द्या. त्याच्या फोनवर अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर पायलटचा फोन वाजणारच नाही. आणि त्या फोनवरून मामांना, आत्याला कळवत बसू नका. तो नंबर रिकामा राहायला हवा.

दुसरा फोन गाडीतून येतो. कधी पायलटचा असतो, कधी शेजारी बसलेल्या डॉक्टरांचा. हा फोन कोपऱ्यावरच्या माणसाने घ्यायचा, रुग्णाजवळच्या माणसाने नाही. रुग्णाजवळ जो आहे त्याचे हात मोकळे हवेत. श्वास थांबला, शुद्ध गेली तर त्याला छाती दाबायला लागायचं आहे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. “उजवीकडे वळा, मग डावीकडे” हे सांगत ते जमत नाही. शिवाय आतल्या माणसाला गाडी दिसतही नाही. तो आठवणीतून रस्ता सांगतो, आणि आठवणीतला रस्ता नेहमी आपल्या घरातून बाहेर पडणारा असतो. गाडी उलट्या बाजूने येते. त्याचं डावं ते पायलटचं उजवं.

एक उदाहरण घेऊ. फडके हौद चौक खरा आहे, पुढची गिरणी आणि बोळ मी मनाने घेतलेत. आजींचा नातू कोपऱ्यावर उभा आहे. फोन येतो.

“हॅलो, 108 मधून बोलतोय. कुठे यायचं?”

इथे बहुतेक जण पत्ता म्हणायला लागतात. नातवाने आधी विचारावं, “दादा, तुम्ही आत्ता कुठे आहात? समोर काय दिसतंय?”

“दारूवाला पूल ओलांडला.”

“मग सरळ या. फडके हौद चौक आला की फोनवर सांगा, मी लाइनवर आहे.”

इतकंच. पुढचं वळण आत्ता सांगायचं नाही. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी एकच वळण राहतं. तीन एकदम सांगितली तर पहिलंही जातं.

“चौकात आलो.”

“चौक ओलांडा. तुमच्या उजव्या हाताला पिठाची गिरणी, शटर बंद आहे, वर हिरवी ट्यूबलाइट. त्याच्या पुढच्या विजेच्या खांबापाशी मी उभा आहे. पांढरा शर्ट, स्कूटरचा इंडिकेटर चालू ठेवलाय. आत वळू नका, खांबापाशीच थांबा.”

या बोलण्यात सगळ्या खुणा गाडीच्या काचेतून, रात्री, बंद शटरसकट दिसणाऱ्या आहेत. आपल्याकडे खूण सांगताना माणसं आपली आठवण सांगतात. जुन्या टॉकीजजवळ (टॉकीज पाडून इमारत उभी राहिलेली असते), अमक्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर (डॉक्टर मुलाकडे अमेरिकेत गेलेले असतात), आणि सगळ्यांचा लाडका मारुती. पुण्यात नुसतं ‘मारुतीच्या देवळापाशी’ म्हणण्यात अर्थ नाही. सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, अकरा मारुती. पायलट पुरंदरचा असेल तर त्याने कुठला धरावा? घर क्रमांकाचंही तेच. पेठेतले नंबर रस्त्याच्या ओळीने लागत नाहीत. 412 च्या शेजारी 413 असेलच असं नाही. नंबर सांगून पायलटला पाट्या वाचायला लावू नका.

‘आत वळू नका’ हे मुद्दाम आहे. स्कूटरवाला मुलगा पुढे होऊन गाडी घेऊन येणार असेल तर तोही हेच लक्षात ठेवू दे. ही युक्ती उत्तम आहे, फक्त त्याने मोठ्या चौकापर्यंतच जावं आणि स्वतःच्या सवयीच्या छोट्या वाटेने परत येऊ नये. स्कूटर निघून जाते, मागची गाडी अडकते.

आणि आता तुमच्या सायरनचं. आवाज येतोय पण गाडी दिसत नाही, ही दाट वस्तीतली नेहमीची तक्रार आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे आवाज घुमतो, आणि कुठून येतोय हे कानाला कळत नाही. दिशा ओळखायच्या नादी लागू नका. पायलटला सांगा, “जिथे आहात तिथेच थांबा, एकदा सायरन वाजवा.” मग हळू पुढे यायला सांगा आणि पुन्हा वाजवायला लावा. आवाज वाढला तर बरोबर, कमी झाला तर तो लांब चाललाय. तरी गोंधळ मिटेना तर सरळ विचारा, “डाव्या हाताच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय?” पाटी वाचून दाखवली की पेठेतल्या कुठल्याही पोराला गाडी कुठे आहे ते कळतं. मग तिथे कुणाला तरी पळत पाठवा. गाडीला फिरवून आणण्यापेक्षा माणूस धावत जाणं जवळचं पडतं.

एकाच वेळी तिघांनी पायलटला फोन करणं मात्र कटाक्षाने टाळा. प्रत्येक फोन आला की त्याच्या स्क्रीनवरचा नकाशा झाकला जातो, आणि तिघांच्या तीन वाटा असतात. एकच आवाज, एकच नंबर.

गाडी थांबली म्हणजे पत्ता संपला असं नाही. 108 च्या गाडीत माणसं दोन असतात, डॉक्टर आणि पायलट. दोघे मिळून जिन्यावरून जड माणूस उतरवू शकत नाहीत. म्हणून फोनवरच सांगा, “दुसरा मजला, लाकडी जिना, वळणावर स्ट्रेचर फिरणार नाही, वजन ऐंशीच्या पुढे आहे, चार जण आम्ही तयार आहोत.” मग ते मोठं स्ट्रेचर खालीच ठेवून खुर्ची किंवा कापडी स्ट्रेचर वर आणतात. हे आधी न कळल्यामुळे डॉक्टर वर येऊन, पाहून, पुन्हा खाली जातात, आणि वाड्याचे जिने एवढे उभे असतात की तेवढ्यात त्यांनाच धाप लागते.

गाडी यायच्या आत रुग्णाला आपणच उचलून कोपऱ्यावर न्यावं का, असंही लोक विचारतात. तुमच्या आजींसारख्या धाप लागलेल्या माणसाला आडवं करू नये. बसवूनच ठेवावं आणि न्यायचंच झालं तर खुर्चीत बसवून. छातीत दुखत असेल तर स्वतःच्या पायांनी जिना उतरू देऊ नये, मग तो कितीही ‘मला काही झालेलं नाही’ म्हणो. पडून मान किंवा पाठ दुखावली असेल तर चादरीत घालून उचलायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत हलवायचंच नाही. बाकी वेळी फोनवरच्या डॉक्टरांना विचारा आणि ते म्हणतील तसं करा. मुंबईत अशा गल्ल्यांसाठी 2017 मध्ये मोटारसायकलवरची अॅम्ब्युलन्स सुरू झाली. तिच्यावरून डॉक्टर आणि ऑक्सिजन दारापर्यंत पोचतो. रुग्णाला न्यायला मात्र तिथेही मोठी गाडीच लागते, आणि ती कोपऱ्यावरच थांबते.

तुमच्या गल्लीचा रस्ता गूगलच्या नकाशावर चुकीचा असेल तर तो कुणालाही दुरुस्तीसाठी सुचवता येतो, पण सुचवलेलं तपासून लागायला वेळ जातो. तोवर घराच्या दारामागे एक कागद चिकटवा. त्यावर जिल्हा, शहर, पेठ, चौक, चौकाच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाडीसाठी प्रत्येकी एक वळण, थांबायची जागा, बोळाच्या तोंडाशी मोटार लावणाऱ्यांचे नंबर. अक्षर मोठं काढा, कारण चष्मा सापडत नसतो. आणि आजींना सांभाळायला कुणी मावशी येत असतील तर त्यांना तो एकदा मोठ्याने वाचायला सांगा. दुपारी आजींजवळ बहुधा त्या एकट्याच असतात.